लांबलचक मालिका कुठून वाचायला घ्यावी: पहिल्या भागापासून की मधल्या एखाद्या स्वतंत्र पुस्तकापासून?

शहरातल्या वाचकाला हा प्रश्न फारसा पडत नाही. दुकानात जायचं, पहिला भाग उचलायचा, संपलं. आपल्याकडे गावच्या वाचनालयात कपाट उघडलं की मालिकेतला तिसरा, सातवा आणि शेवटचा भाग दिसतो. पहिला कोणीतरी नेला तो परत आलाच नाही, किंवा देणगीत मिळालेल्या खोक्यात तो नव्हताच. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या छोट्या वाचनालयात मी पुस्तकं देण्या-घेण्याचं काम बघतो. तिथे सगळ्यात जास्त वेळा कानावर येणारं वाक्य हे: "सर, हे तं तिसरं हाये. पयलं नसन तं हे वाचून समजन का?"

त्याचं उत्तर पुस्तकागणिक बदलतं, पण ते शोधायची रीत ठरलेली आहे. गुन्हेकथा आणि फँटसी या दोन्ही प्रकारांत ती चालते. माझा बराचसा भर मात्र गुन्हेकथेवर आहे, कारण चुकीच्या जागी सुरुवात केली तर खरं नुकसान तिथेच होतं.

काय काय लागेल

- एक वही आणि पेन.
- नेट चालणारा मोबाइल. रेंज गच्चीवरच येत असेल तरी हरकत नाही, काम थोड्याच वेळाचं आहे.
- हातातलं पुस्तक, आणि त्यातलं आतल्या मुखपृष्ठाच्या मागचं पान. मूळ पुस्तकाचं नाव आणि प्रकाशनाचं वर्ष बहुतेक तिथेच छापलेलं असतं.
- त्या मालिकेतले कोणते भाग आपल्याला खरोखर मिळू शकतात याची यादी: गावचं वाचनालय, तालुक्याचं वाचनालय, ओळखीच्या गुरुजींचं कपाट.

१. आधी मालिकेची जात ओळखा

लांब मालिका ढोबळमानाने तीन प्रकारच्या असतात.

पहिल्या प्रकारात प्रत्येक पुस्तकातली भानगड त्याच पुस्तकात मिटते. नायक तोच असतो, पण त्याचं वय, घर, स्वभाव यांत फारसा फरक पडत नाही. बहुतेक जुन्या गुप्तहेरकथा अशाच आहेत.

दुसऱ्या प्रकारात खून या पुस्तकातला याच पुस्तकात सुटतो, पण तपास करणाऱ्याचं आयुष्य पुढे सरकत राहतं. लग्न मोडतं, साथीदार मरतो, बदली होते. स्वीडनमधल्या श्योवाल आणि वालो या जोडप्याने 1965 ते 1975 या काळात लिहिलेली पोलीस अधिकारी मार्टिन बेकची दहा पुस्तकं या प्रकारची. एखादं मधलं पुस्तक वाचलं तर खुनाचा तपास पूर्ण कळतो. त्या माणसाच्या घरात काय बिनसलंय, ते मात्र अर्धवटच कळतं.

तिसऱ्या प्रकारात सगळे भाग मिळून एकच गोष्ट असते. पहिल्या भागाचा शेवट हा शेवट नसतोच. बहुतेक मोठ्या फँटसी इथे येतात.

पहिल्या प्रकारात कुठूनही शिरा, पुढे सांगितलेली दोन पथ्यं तेवढी पाळा. तिसऱ्यात पहिला भाग मिळाल्याशिवाय हात लावू नका. खरा विचार करावा लागतो तो दुसऱ्या प्रकारात.

२. प्रकाशनाचा क्रम वहीत उतरवून घ्या

मोबाइलवर नायकाचं किंवा मालिकेचं नाव आणि त्यापुढे `publication order` असं टाइप करा. वर्षांसकट नावांची यादी येईल. तेवढीच वहीत उतरवा आणि बाहेर पडा. पुस्तकाच्या नावावर बोट ठेवून आत शिरू नका. माहितीच्या पानांवर कथानक शेवटापर्यंत दिलेलं असतं आणि खुनी कोण ते सरळ सरळ लिहिलेलं असतं.

इथे दोन सापळे आहेत.

एक म्हणजे एकाच पुस्तकाची दोन नावं. अगाथा ख्रिस्तीची कितीतरी पुस्तकं इंग्लंडमध्ये एका आणि अमेरिकेत दुसऱ्या नावाने निघाली. 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस' अमेरिकेत 'मर्डर इन द कॅले कोच' होतं आणि 'डम्ब विटनेस' तिकडे 'पॉयरॉ लूझेस अ क्लायंट'. जुन्या पुस्तकांच्या दुकानात ही दोन वेगळी पुस्तकं वाटून पैसे जातात. मराठी अनुवादांची नावं तर मूळ नावापासून आणखी दूर असतात. म्हणून यादीशी मेळ घालताना मुखपृष्ठावर विसंबू नका, आतल्या पानावरचं मूळ नाव बघा.

दुसरा सापळा कण्यावरच्या आकड्याचा. पुस्तकावर '1' छापलंय म्हणजे लेखकाने ते पहिलं लिहिलं, असं नसतं. नार्निया या मुलांच्या फँटसी मालिकेतल्या सात पुस्तकांत 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' सगळ्यात आधी, 1950 मध्ये आलं. 'द मॅजिशियन्स नेफ्यू' 1955 मध्ये आलं, पण त्यातल्या घटना आधी घडलेल्या आहेत, म्हणून आजच्या इंग्रजी संचांत त्याच्यावर '1' असतो. नवख्याने 1950 चंच आधी घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. कपाटाच्या मागे बर्फाचं जंगल आहे आणि त्यात एक दिव्याचा खांब उभा आहे, याचं नवल वाटावं म्हणून ते पुस्तक लिहिलंय. तो खांब तिथे कसा आला ते आधीच वाचून झालं असेल तर नवल कशाचं वाटणार?

घटनांचा क्रम आणि प्रकाशनाचा क्रम यांत तफावत दिसली तर प्रकाशनाचा क्रम धरा. लेखकाने वाचकाला कोणती गोष्ट कधी सांगायची ठरवलं होतं, ते त्याच क्रमात कळतं.

३. पहिल्या वीस पानांची परीक्षा

यादी झाली की हातातल्या पुस्तकाची पहिली वीस पानं वाचा. प्रत्येक नव्या माणसाजवळ थांबून विचारा: लेखकाने याची ओळख करून दिली का, की हा मला आधीपासून ठाऊक आहे असं धरलंय?

"त्याचा जुना मित्र, लष्करातून परतलेला कॅप्टन" एवढं एक वाक्य असेल तर काम भागलं. लेखकाला नव्या वाचकाची आठवण आहे. पण "त्या रात्रीनंतर ती दोघं एकमेकांशी बोललीच नव्हती" असं काही आलं आणि ती रात्र कोणती हे पुढच्या चार-पाच पानांत उलगडलं नाही, तर ती रात्र आधीच्या भागात आहे. असा प्रसंग एखादाच असेल तर चालवून घ्या. तीन-चार झाले की पुस्तक मिटा आणि मागचा भाग शोधा.

पाठीवरचा मजकूर वाचून ही परीक्षा होत नाही. तो विक्रीसाठी लिहिलेला असतो आणि प्रत्येक भाग स्वतंत्र असल्याचंच सांगतो.

४. एक पूर्ण उदाहरण: कपाटातली पाच पुस्तकं

आमच्याकडे पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी वाचायला येते. सकाळी मैदान, दुपारी अभ्यास, संध्याकाळी एखादी रहस्यकथा. तिला अगाथा ख्रिस्तीचा गुप्तहेर पॉयरॉ वाचायचा होता आणि कपाटात त्याची पाच पुस्तकं होती: 'कर्टन', 'डम्ब विटनेस', 'कार्ड्स ऑन द टेबल', 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस' आणि 'फाइव्ह लिटल पिग्ज'. पहिलं, म्हणजे 1920 चं 'द मिस्टीरियस अफेअर अॅट स्टाइल्स', नव्हतं.

पॉयरॉच्या 33 कादंबऱ्या आहेत, 1920 ते 1975 या काळातल्या. जात पहिली: प्रत्येक खून त्याच पुस्तकात सुटतो. म्हणजे पाचांतलं कुठलंही आधी घेता येईल, असं वाटतं. तसं ते नाही.

'कर्टन' घ्या. हे पॉयरॉचं शेवटचं प्रकरण. ख्रिस्तीने ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून बाजूला ठेवलं होतं. छापून आलं 1975 मध्ये, आणि तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सने पॉयरॉच्या निधनाची बातमी पहिल्या पानावर दिली. गोष्ट घडते ती स्टाइल्स या त्याच घरात, जिथे पहिली कादंबरी घडली होती. म्हातारा, आजारी पॉयरॉ आणि त्याचा जुना मित्र हेस्टिंग्ज तिथे पुन्हा भेटतात. हे पुस्तक आधी वाचलं तर खुनाचा तपास कळेल, पण ज्या माणसाचा निरोप घेतला जातोय त्याची अजून ओळखच झालेली नाही. म्हणून ते सगळ्यात शेवटी, आणि 'स्टाइल्स' वाचून झाल्यावरच. 'स्टाइल्स' प्रोजेक्ट गुटेनबर्गवर इंग्रजीत फुकट मिळतं, फाइलही लहान असते.

आता 'डम्ब विटनेस', 1937 चं. कथानक स्वतंत्र, कुत्रा मजेदार, सुरुवातीला शिफारस करावी असंच. पण त्यात एका ठिकाणी पॉयरॉ आपल्या जुन्या प्रकरणांबद्दल बोलता बोलता चार आधीच्या कादंबऱ्यांतल्या खुन्यांची नावं घेतो. त्या चार म्हणजे 'स्टाइल्स', 'द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड', 'द मिस्टरी ऑफ द ब्लू ट्रेन' आणि 'डेथ इन द क्लाउड्स'. यातलं 'अॅक्रॉइड' तर असं पुस्तक आहे की त्याचा शेवट आधी कळला तर वाचण्यात अर्थच उरत नाही. म्हणजे 'डम्ब विटनेस' या चारांच्या नंतर.

'कार्ड्स ऑन द टेबल', 1936. एका खोलीत चार संशयित पत्ते खेळताहेत, शेजारच्या खोलीत चार तपास करणारे खेळताहेत आणि यजमानाचा खून होतो. मांडणी इतकी नेटकी की मला हे पुस्तक फार आवडतं. पण यातही पॉयरॉ एका प्रसंगी 'ओरिएंट एक्स्प्रेस'चं गुपित एका वाक्यात सांगून टाकतो. म्हणून 1934 चं 'ओरिएंट एक्स्प्रेस' आधी आणि 'कार्ड्स' नंतर. उलट वाचलं तर बर्फात अडकलेल्या गाडीतली एवढी मोठी गंमत वाया जाते.

उरलं 'फाइव्ह लिटल पिग्ज', 1942. एक तरुणी पॉयरॉकडे येते. सोळा वर्षांपूर्वी तिच्या चित्रकार वडिलांवर विषप्रयोग झाला, आईला दोषी ठरवलं गेलं आणि ती तुरुंगातच वारली. आईने मागे ठेवलेल्या पत्रात आपण निर्दोष असल्याचं लिहिलंय. त्या दिवशी घरात असलेल्या पाच माणसांना पॉयरॉ एकेक करून भेटतो आणि तोच दिवस पाच तोंडांनी ऐकतो. इथे हेस्टिंग्ज नाही आणि जुन्या प्रकरणांची गरजही नाही. पॉयरॉ हा नावाजलेला गुप्तहेर आहे एवढं ठाऊक असलं की पुरे. वीस पानांच्या परीक्षेत हे पुस्तक सहज पास होतं.

तर तिच्यासाठी क्रम असा ठरला: आधी 'फाइव्ह लिटल पिग्ज', मग 'ओरिएंट एक्स्प्रेस', मग 'कार्ड्स ऑन द टेबल'. 'डम्ब विटनेस' आणि 'कर्टन' कपाटातच राहिली, आत चिठ्ठी लावून. चिठ्ठीवर एवढंच: "याआधी अमुक अमुक वाचा." जुन्या वाचकांनी अशा चिठ्ठ्या लावल्या तर वाचनालयातल्या पुढच्या माणसाचे श्रम वाचतात.

'ओरिएंट एक्स्प्रेस' परत करायला आली तेव्हा ती टेबलाशी उभी राहूनच म्हणाली, "सर, हे आधी कोणी सांगतलं असतं तं मी त्याच्याशी बोललीच नसती." म्हणून वर म्हटलेली दोन पथ्यं: मालिकेचं शेवटचं पुस्तक आधी वाचू नका, आणि मधल्या पुस्तकात शिरण्याआधी ते कोणाचं गुपित फोडतं का ते विचारून घ्या. विचारताना प्रश्न नीट करा. "हे कसं आहे?" विचारलं की लोक गोष्टच सांगायला लागतात. "हे वाचल्यावर आधीचं कोणतं वाचायचं राहून जाईल?" एवढंच विचारा.

५. कधी कधी मालिकेचं खरं दार मधेच असतं

सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा पहिल्यांदा 1965 मध्ये 'संदेश' मासिकात आला. अशोक जैन यांच्या अनुवादामुळे तो मराठीत आपल्यालाही सहज वाचता येतो. या कथा पहिल्या जातीच्या आहेत. फेलूदा आणि त्याचा चुलतभाऊ तोपशे, प्रत्येक वेळी नवं गाव, नवी चोरी. पहिल्यापासून सुरुवात केली तर काहीच बिघडत नाही. पण या मालिकेला तिसरा माणूस मिळतो तो 1971 च्या 'सोनार केल्ला'मध्ये. जटायू या टोपणनावाने भन्नाट साहसकथा लिहिणारे लालमोहनबाबू राजस्थानकडे जाताना रेल्वेच्या डब्यात भेटतात, आणि तिथून पुढे त्रिकूट जमतं. लहान वाचकाला मी हेच पुस्तक आधी देतो. ओळखीचा प्रसंग डोळ्यांसमोर घडला की पुढच्या प्रत्येक पुस्तकात तो माणूस आपला होतो.

मालिकेत असं दार आहे का, ते ओळखायची खूण सोपी आहे. ज्या पुस्तकात कायमचा साथीदार पहिल्यांदा येतो किंवा नायक नव्या ठिकाणी कामाला लागतो, तिथे लेखकाला सगळी ओळख नव्याने करून द्यावी लागते. आधीचे भाग मिळत नसतील तर तिथून शिरा.

६. फँटसी: इथे नियम कडक

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' 1954 आणि 1955 मध्ये तीन खंडांत आली, पण ती तीन पुस्तकांची मालिका नाही. ती एकच कादंबरी आहे, छापण्याच्या सोयीसाठी तोडलेली. दुसरा खंड उघडला तर तुम्ही एका पाठलागाच्या मधोमध उतरता. याच जगात एक स्वतंत्र दार मात्र आहे: 1937 चं 'द हॉबिट'. ते स्वतःत पूर्ण आहे, भाषा सोपी आहे आणि ज्या अंगठीभोवती मोठी कादंबरी फिरते ती कुठून आली ते त्यातच आहे. तिन्ही खंड हाताशी नसतील तर 'हॉबिट' वाचा. आवडलं तरच पुढच्या जाड खंडांच्या शोधाला लागा.

हॅरी पॉटरचे सात भाग मराठीतही आहेत. तिथे मुलं फसतात, कारण सुरुवातीच्या भागांत प्रत्येक वर्षाची भानगड वर्षअखेर मिटते आणि ती पहिली जात वाटते. चौथ्या भागाच्या शेवटापासून ते साफ बदलतं, शिवाय दुसऱ्या भागातलं रहस्य पुढे उघड बोललं जातं. सातही ओळीनेच वाचा.

उलटं उदाहरण टेरी प्रॅचेटच्या डिस्कवर्ल्ड या विनोदी फँटसी मालिकेचं. 1983 ते 2015 या काळात 41 कादंबऱ्या आल्या. पहिल्या 'द कलर ऑफ मॅजिक'च्या शेवटी नायक जगाच्या कडेवरून खाली पडतो, आणि त्याचं पुढे काय झालं ते 1986 च्या दुसऱ्या पुस्तकात कळतं. हे दुसरं पुस्तक हाती नसेल तर पहिलं अर्धवटच राहतं. इंग्रजीत वाचणाऱ्याला मी 1989 चं 'गार्ड्‌स! गार्ड्‌स!' सुचवेन. क्रमाने ते आठवं, पण शहराच्या पहारेकऱ्यांची उपमालिका तिथून सुरू होते आणि नवा शिपाई गावातून शहरात येतो, त्याच्यासोबत आपणही येतो. एवढ्या मोठ्या फँटसीत आत उपमालिका आहेत का ते आधी बघा. असतील तर प्रत्येक उपमालिकेचं पहिलं पुस्तक तुमच्यासाठी पहिलाच भाग असतो.

आणखी एक पाहणी: मालिका पूर्ण झालीय का? 'अ साँग ऑफ आइस अँड फायर'चा पहिला भाग 1996 मध्ये आणि पाचवा 2011 मध्ये आला. लेखकाने सात योजले आहेत. अपुरी गोष्ट सोसत नसेल तर त्याच जगातल्या 'अ नाइट ऑफ द सेव्हन किंगडम्स'पासून सुरू करा. त्यात तीन लांब कथा आहेत, घटना मुख्य मालिकेच्या जवळपास नव्वद वर्षं आधीच्या, आणि प्रत्येक कथेचा शेवट तिथल्या तिथे होतो.

७. आपल्या हंगामाचा हिशोब घाला

कापूस वेचणी किंवा तूर काढणी सुरू असेल तर दिवसाचा अर्धा-पाऊण तासच वाचायला मिळतो, तोही लाइट असेल तर. अशा दिवसांत तिसऱ्या जातीची फँटसी सुरू करू नका. मधे आठ दिवस खंड पडला की नावं विसरतात आणि पुस्तक तिथेच राहतं. अडीचशे पानांच्या आत संपणारी, पहिल्या जातीची गुन्हेकथा घ्या. मोठ्या मालिकेसाठी उन्हाळा बरा. पण त्यासाठीचे भाग होळीच्या आतच जमवायला लागा, कारण परीक्षा संपल्या की तालुक्याच्या वाचनालयातली मालिकांची पुस्तकं सगळी बाहेर असतात.

८. हातात फक्त तिसराच भाग असेल तर

पहिल्या जातीचा असेल तर गुपितफोडीची चौकशी करून सरळ वाचा. दुसऱ्या जातीचा असेल तर वीस पानांची परीक्षा घ्या आणि पास झाला तर वाचा. वाचताना मागच्या भागाचे जे उल्लेख येतील ते वहीत टिपत जा. पुढे पहिला भाग मिळाला की त्यातला खुनी कोण हे कदाचित कळलेलं असेल, पण तो माणूस असा का झाला ते वाचायला मिळेल. या जातीत तेही पुरेसं असतं.

तिसऱ्या जातीचा असेल तर पुस्तक परत ठेवा आणि ग्रंथपालांना मूळ नाव, लेखक आणि हवा असलेला भाग एका चिठ्ठीवर लिहून द्या. "त्या मालिकेचा पहिला भाग आणा" असं तोंडी सांगितलं तर खरेदीच्या वेळी हमखास दुसराच येतो. वर्षाची खरेदी अनुदान आल्यावर एकदम होते, तेव्हा चिठ्ठी त्याआधी पोचायला हवी. सगळे भाग मागू नका. पहिला आणि दुसरा एवढेच मागा. पहिले दोन गावात चार जणांनी वाचले, तर उरलेल्यांची मागणी तेच करतात.